कीबोर्डचं एक बटण आणि तीन ठिकाणचं देणं

(नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसमोर झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून थोडंफार आवरतं घेतलंय.)

इंटरप्टवर प्रश्न आला की तुमच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं. ‘डिव्हाइस सिग्नल देतं, प्रोसेसर चालू काम थांबवतो, सर्व्हिस रूटीन चालवतो आणि परत येतो.’ खाली चौकोन आणि बाणांची आकृती. मार्क मिळतात, हरकत नाही. पण त्या वाक्यातला ‘परत येतो’ हा शेवटचा भाग फार घाईत उरकलेला असतो. प्रयोगशाळेत मशीन जाम होतं ते बहुतेक वेळा तिथंच. म्हणून आज मी एकच उदाहरण घेणार आहे: कीबोर्डवर `A` दाबला. त्या दाबण्यापासून ते मूळ प्रोग्रॅम पुन्हा चालू होईपर्यंत, एवढंच.

मशीन कुठलं ते आधी ठरवू. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. तुमच्या गावातलं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेच साल. त्यानंतर १९८४ मध्ये एटी आला. आपण एटीच्या घडणीचं मशीन धरू, आणि ते रिअल मोडमध्ये चालतंय असं समजू, म्हणजे तुम्ही ८०८६ मध्ये शिकलेलं सगळं तसंच्या तसं लागू पडेल. आजच्या लॅपटॉपमध्ये यातल्या चिप सुट्या दिसत नाहीत, पण कुठलं काम कुणी करायचं याची वाटणी जवळपास हीच आहे, आणि या जुन्या मशीनमध्ये प्रत्येक टप्पा हाताला लागतो.

तर `A` दाबला. कीबोर्डच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, तो कुठलं बटण दाबलं गेलं हे ओळखतो आणि त्याचा कोड एकेक बिट करत वायरीतून पाठवतो. मदरबोर्डवर ८०४२ नावाचा कीबोर्ड कंट्रोलर बसलेला आहे. तो हा कोड गोळा करतो, जुन्या पीसीला समजेल अशा कोडमध्ये बदलतो आणि आपल्या आउटपुट बफरमध्ये ठेवतो. `A` साठी तो कोड `1E`. बटण सोडलं की `9E` येतो, म्हणजे तोच कोड, फक्त वरचा बिट १. एक अक्षर टाइप केलं की इंटरप्ट दोन येतात, हे ध्यानात असू द्या. पुष्कळ जण पहिल्यांदा स्वतःचा हँडलर लिहितात आणि ‘सर, एकदा दाबलं तरी दोनदा का मोजतंय?’ म्हणून येतात.

बफर भरला की ८०४२ आयआरक्यू १ ही लाइन वर करतो. ही लाइन थेट प्रोसेसरला जात नाही. मधे ८२५९ बसलेला आहे, प्रोग्रॅमेबल इंटरप्ट कंट्रोलर. त्याच्याकडं अशा आठ लाइन येतात. लाइन खालून वर गेली, तो क्षण तो टिपतो आणि इंटरप्ट रिक्वेस्ट रजिस्टरमध्ये त्या लाइनचा बिट १ करतो. ‘तो क्षण टिपतो’ हे शब्द नीट ऐका. पीसीमध्ये ८२५९ एज-ट्रिगर्ड ठेवलेला असतो. लाइन नुसती वर राहिली म्हणून तो पुन्हा दखल घेत नाही. आधी खाली यावी लागते, मग वर जावी लागते. यातून पुढं एक गंमत निघणार आहे.

मग ८२५९ दोन गोष्टी बघतो. ही लाइन मास्क केलेली आहे का, आणि हिच्यापेक्षा वरच्या किंवा हिच्याच दर्जाचं काही काम आधीच चालू आहे का. आयआरक्यू ० सर्वांत वरचा, तो टायमरचा. त्याखाली १, मग २, असं ७ पर्यंत. सगळं मोकळं असेल तर ८२५९ प्रोसेसरच्या आयएनटीआर पिनवर सिग्नल देतो.

प्रोसेसर लगेच धावतो का? नाही. हातातली इन्स्ट्रक्शन पुरी करतो, शेवटाला आयएनटीआर बघतो, आणि इंटरप्ट फ्लॅग १ असेल तरच पुढं जातो. ८०८६ वर सोळा बिटांचा रजिस्टर-भागाकार चालू असेल तर त्यालाच १४४ ते १६२ क्लॉक लागतात. पाच मेगाहर्ट्झला १६२ क्लॉक म्हणजे ३२ मायक्रोसेकंदांच्या थोडं वर. बटण नेमकं भागाकार सुरू होताना आलं तर तेवढं थांबावंच लागतं. म्हणून इंटरप्टला प्रतिसाद किती वेळात मिळतो याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

आता प्रोसेसरला कळलं की कुणीतरी बोलावतंय. पण कोण? आयएनटीआर पिन एकच आहे. हे विचारायला प्रोसेसर आयएनटीएचे दोन पल्स पाठवतो. पहिल्या पल्सला ८२५९ आपली निवड पक्की करतो: रिक्वेस्ट रजिस्टरमधला आयआरक्यू १ चा बिट ० करतो आणि इन-सर्व्हिस रजिस्टरमधला १ करतो. त्याचा अर्थ, ‘एक नंबरचं काम प्रोसेसरकडं गेलंय, अजून संपलेलं नाही.’ दुसऱ्या पल्सला तो डेटा बसवर एक बाइट ठेवतो. हाच व्हेक्टर नंबर. या बाइटचे वरचे पाच बिट बायोसनं मशीन सुरू होताना ८२५९ मध्ये भरून ठेवलेले असतात, आणि खालच्या तीन बिटांत लाइनचा नंबर येतो. बायोसनं `08` भरलेलं आहे, म्हणून आयआरक्यू ० चा व्हेक्टर `08` आणि आपल्या आयआरक्यू १ चा `09`.

(इथं एका मुलीनं विचारलं: सर, दोन पल्सच्या आधीच लाइन खाली गेली तर?)

चांगला प्रश्न. आवाजामुळं, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइजमुळं, असं होतं. प्रोसेसर तर विचारतोय, ८२५९ ला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. मग तो सात नंबरचा व्हेक्टर देतो, पण इन-सर्व्हिस रजिस्टरमध्ये सातचा बिट १ करत नाही. याला स्प्युरियस इंटरप्ट म्हणतात. सात नंबरचा हँडलर लिहिणाऱ्यानं आधी तो बिट वाचून बघायचा, आणि ० असेल तर गुपचूप परत यायचं. काम संपल्याचा निरोप द्यायचा नाही. दिला तर तो दुसऱ्याच चालू कामाच्या नावावर लागतो. हा निरोप काय असतो ते आता येईलच.

नंबर मिळाला: नऊ. रिअल मोडमध्ये मेमरीच्या अगदी सुरुवातीला, पत्ता शून्यापासून, व्हेक्टर टेबल आहे. २५६ नोंदी, प्रत्येक नोंद चार बाइटची, एकूण १०२४ बाइट. नऊ गुणिले चार म्हणजे छत्तीस, हेक्समध्ये `24`. तर प्रोसेसर `0000:0024` पासून चार बाइट वाचतो. DOS चा debug उघडून हे बघता येतं:

```
-d 0:24 27
87 E9 00 F0
```

डावीकडचा पत्ता वगैरे मी गाळलाय. हे चार बाइट उलटे वाचायचे, कारण इंटेलमध्ये खालचा बाइट आधी. पहिले दोन ऑफसेट, `E987`. पुढचे दोन सेगमेंट, `F000`. म्हणजे `F000:E987`, खरा पत्ता `FE987`. मेगाबाइटच्या शेवटाकडं, बायोसच्या रॉममध्ये. आयबीएमशी जुळणाऱ्या बायोसमध्ये कीबोर्डचा हँडलर इथंच सुरू होतो. तुम्हाला दुसरा पत्ता दिसला तर कुणीतरी ही नोंद आधीच बदललेली आहे; कीबोर्डचा लेआउट बदलणारे प्रोग्रॅम तसं करतात.

उडी मारण्याआधी प्रोसेसर मागची खूण ठेवतो. इथं जरा रेंगाळू. समजा आपला प्रोग्रॅम हे दोन ओळींचं लूप चालवतोय:

```
1000:0105  49      DEC CX
1000:0106  75 FD   JNZ 0105
```

शेवटची फेरी आहे. `CX` एक होता, `DEC` नं शून्य झाला, झिरो फ्लॅग १ झाला. आणि नेमकं या दोन ओळींच्या मधे इंटरप्ट आला. `SP` समजा `0200` आहे. प्रोसेसर स्टॅकवर तीन शब्द ढकलतो:

```
01FE : 0246   FLAGS
01FC : 1000   CS
01FA : 0106   IP
```

`SP` आता `01FA`. `IP` कुठली? झालेल्या `DEC` ची नाही, राहिलेल्या `JNZ` ची. `FLAGS` मधल्या `0246` मध्ये झिरो फ्लॅग आहे, पॅरिटी फ्लॅग आहे, आणि `0200` हा इंटरप्ट फ्लॅगचा बिट आहे. (तुमच्या किटवर खरा ८०८६ असेल तर इथं `F246` दिसेल. त्याचे वरचे चार बिट कायम १ असतात. घाबरू नका.) मग प्रोसेसर इंटरप्ट फ्लॅग आणि ट्रॅप फ्लॅग शून्य करतो आणि टेबलातले `IP`, `CS` भरून उडी मारतो. ८०८६ च्या मॅन्युअलमध्ये या सगळ्याला ६१ क्लॉक दिलेत, पाच मेगाहर्ट्झला १२.२ मायक्रोसेकंद. तुमच्या हँडलरची पहिली ओळ अजून चाललेली नाही.

प्रोसेसर `AX`, `BX` साठवत नाही, मग फ्लॅग्ज का साठवतो? कारण फ्लॅग्ज साठवायला हँडलरला संधीच मिळत नाही. हँडलरमध्ये शिरण्याआधी इंटरप्ट फ्लॅग शून्य करावा लागतो, म्हणजे जुना फ्लॅग्जचा शब्द तेव्हाच बिघडतो. त्याच्या आधीच तो बाजूला ठेवायला हवा. आणि तो ठेवला नसता तर काय झालं असतं ते बघा. बटण सोडल्याचा `9E` आलाय; हँडलर कोड तपासतो, `TEST AL, 80h` करतो, झिरो फ्लॅग शून्य होतो. परत आल्यावर `JNZ` ला झिरो फ्लॅग शून्य दिसतो. तो `0105` वर जातो. `CX` शून्याचा `FFFF` होतो, आणि संपलेलं लूप आणखी ६५,५३६ वेळा फिरतं. तेही फक्त त्या एका फटीत बटण सोडलं गेलं तरच. असा दोष प्रोग्रॅम हजारदा चालवून सापडत नाही आणि परीक्षकासमोर मात्र येतो.

आता हँडलर. एक छोटासा आपण लिहू. बायोसचा बाजूला ठेवून आपलाच बसवायचा आहे असं समजा. हँडलरलाच पुस्तकात आयएसआर म्हणतात, आणि ८२५९ च्या इन-सर्व्हिस रजिस्टरचं लघुरूपही आयएसआरच होतं, म्हणून मी आज ते अक्षर वापरतच नाहीये.

```
key9:  push ax
       in   al, 60h
       mov  cs:[last], al
       mov  al, 20h
       out  20h, al
       pop  ax
       iret
```

सात ओळी. यातल्या तीन ओळी मला महत्त्वाच्या वाटतात: `in al, 60h`, `out 20h, al` आणि `iret`. आपल्याकडं मोंढ्यात सोयाबीन नेलं की पट्टीवर हमाली वेगळी लागते, तोलाई वेगळी. हमालाचे पैसे चुकते केले म्हणून तोलणारा सोडत नाही. इथं तसंच आहे. एका बटणापायी तीन ठिकाणी खातं उघडलेलं आहे: ८०४२ च्या बफरमध्ये एक बाइट पडून आहे, ८२५९ च्या इन-सर्व्हिस रजिस्टरमध्ये एक बिट चढलेला आहे, आणि स्टॅकवर सहा बाइट ठेवलेले आहेत. पोर्ट `60h` वाचला की ८०४२ मोकळा होतो आणि लाइन खाली येते. पोर्ट `20h` ला `20h` लिहिलं की ८२५९ चा बिट उतरतो. याला एंड ऑफ इंटरप्ट, ईओआय म्हणतात. मघाशी म्हटलेला निरोप तो हाच. आणि `IRET` स्टॅकवरून `IP`, `CS`, `FLAGS` उचलतो. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. `IRET` झालं हे ८२५९ ला कळत नाही. ईओआय दिला हे ८०४२ ला कळत नाही.

म्हणून आता एकेक देणं बुडवून बघू. त्यासाठी मूळ प्रोग्रॅम असा ठेवा. बायोस टायमरच्या प्रत्येक टिकला `0040:006C` इथला मोजणीचा आकडा वाढवतो, सेकंदाला साधारण १८.२ वेळा. तो आकडा सतत उचलून पडद्याच्या मेमरीत टाकायचा:

```
show:  mov al, es:[6Ch]   ; ES = 0040h
       mov ds:[0], al     ; DS = 0B800h
       jmp show
```

पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक अक्षर सारखं बदलत राहतं. ते आपलं घड्याळ. ते बदलतंय म्हणजे टायमरचा इंटरप्ट पोचतोय. दुसऱ्या घरात `last` मधला कोड दाखवायची सोय करा, म्हणजे कीबोर्डही दिसेल. इथंच हे पण बघून घ्या की मी हँडलरमध्ये `cs:[last]` का लिहिलं. इंटरप्ट आला तेव्हा `DS` मध्ये `B800` आहे, आणि प्रोसेसर `DS` ला हात लावत नाही. नुसतं `DS` च्या भरवशावर लिहिलंत तर स्कॅनकोड तुमच्या चलात न जाता पडद्याच्या मेमरीत जाऊन पडतो. मग बटण दाबलं की पडद्यावर कुठंतरी भलतंच चिन्ह उगवतं किंवा एखाद्या अक्षराचा रंग बदलतो. तसं दिसलं तर आधी `DS` बघा.

पहिला प्रयोग: ईओआयच्या दोन्ही ओळी काढा. पहिलं बटण दाबलं की `1E` दिसतो. सोडलं तर `9E` यायला हवा, तो येत नाही. त्यानंतर कीबोर्ड मुका. पण कोपऱ्यातलं घड्याळ चालूच. का? `IRET` नं फ्लॅग्ज परत आणले, इंटरप्ट फ्लॅग १ आहे, प्रोसेसरची काही तक्रार नाही. ८२५९ मध्ये मात्र एक नंबरचा बिट चढलेलाच आहे. त्याच्या लेखी ते काम अजून चालू आहे, म्हणून तो एक नंबर आणि त्याखालचे सगळे अडवून धरतो. शून्य नंबर वरचा, त्याला वाट आहे. टायमरचा हँडलर स्वतःचा ईओआय देतो, पण तो ईओआय चढलेल्या बिटांपैकी सर्वांत वरच्याचा, म्हणजे शून्याचा बिट उतरवतो. एकचा तसाच राहतो. एटीमध्ये यात आणखी एक भर आहे: दुसरा ८२५९ पहिल्याच्या दोन नंबरला जोडलेला आहे, म्हणजे आठ ते पंधरा या सगळ्या लाइनी त्या एका बिटामुळं अडतात. हार्डडिस्कची लाइन चौदा. एक कीबोर्डचा ईओआय विसरला आणि डिस्क बंद पडली, असं दिसतं ते यामुळं.

दुसरा प्रयोग: ईओआय परत घाला, आणि `in al, 60h` काढा. पुन्हा कीबोर्ड मुका, घड्याळ चालू. बाहेरून चित्र अगदी पहिल्यासारखं, कारण मात्र वेगळं. बफर रिकामा झालेला नाही, म्हणून ८०४२ पुढचा कोड त्यात टाकत नाही आणि लाइन वरच राहते. ८२५९ ला खालून वर जाणारा क्षण हवा असतो, तो येतच नाही. मघाशी म्हटलं होतं ती गंमत हीच.

मग या दोघांत फरक कसा करायचा? अंदाजानं नाही, विचारून करायचा. ८२५९ ला पोर्ट `20h` वर `0Bh` लिहा आणि त्याच पोर्टवरून वाचा. इन-सर्व्हिस रजिस्टर मिळतं. एक नंबरचा बिट, म्हणजे `02`, १ असेल तर ईओआय राहिला. तो शून्य असेल तर पोर्ट `64h` वाचा. त्याचा सर्वांत खालचा बिट १ म्हणजे बफर भरलेला पडून आहे, `60h` कुणी वाचलेलाच नाही. ही तपासणी मुख्य लूपमध्ये करायची, हँडलरच्या आत नाही. हँडलर चालू असताना एकचा बिट १ असणं हे तर बरोबरच आहे.

तिसरा प्रयोग मला सर्वांत आवडतो. `IRET` च्या जागी `RETF` लिहा. C मधून वर आलेल्या मुलांच्या हातून हे सहज होतं; फंक्शन आहे, रिटर्न करायचं. `RETF` दोनच शब्द उचलतो, `IP` आणि `CS`. परत तर अगदी बरोबर जागी येतो! पण `FLAGS` चा `0246` स्टॅकवर `01FE` ला तसाच, `SP` दोननं कमी, आणि इंटरप्ट फ्लॅग शून्यच राहिलेला. आता कीबोर्डही मुका आणि कोपऱ्यातलं अक्षरही गोठलं. घड्याळ थांबलं की संशय ८२५९ वर घ्यायचा नाही, प्रोसेसरच्या इंटरप्ट फ्लॅगवर घ्यायचा.

पण यात एक पाचर आहे. तुमच्या लूपमधून तुम्ही बायोसला बटणासाठी थांबायला सांगितलं, तर ते आत गेल्यावर स्वतःच `STI` करतं, इंटरप्ट तेवढ्यापुरते चालू होतात आणि घड्याळ मधूनच सरकतं. मग दोष झाकला जातो. कीबोर्डच्या दर इंटरप्टला स्टॅक दोन बाइट खाली घसरत राहतो, आणि पुढं कधीतरी एखादं `RET` स्टॅकवरून `0246` उचलून त्या पत्त्यावर जातं. म्हणून हा प्रयोग मी दिलेल्या लूपसारख्या, कुणालाच हाक न मारणाऱ्या लूपवरच करा. प्रोग्रॅम भरकटला आणि `IP` मध्ये `0246` च्या आसपासचं काही दिसलं, तर ते फ्लॅग्ज आहेत हे ओळखता आलं पाहिजे.

(मागून प्रश्न: ईओआय आधी द्यायचा की `IRET` च्या अगदी तोंडावर?)

या छोट्या हँडलरमध्ये फरक पडत नाही. ईओआय दिल्यावर ८२५९ पुढचा सिग्नल देईलही, पण इंटरप्ट फ्लॅग शून्य आहे, प्रोसेसर `IRET` होईपर्यंत बघणार नाही. फरक पडतो तो हँडलर लांब असेल आणि तुम्ही मधेच `STI` केलं तर. ईओआय न देता `STI` केलं तर फक्त टायमर आत घुसू शकतो. ईओआय देऊन मग `STI` केलं तर कीबोर्डच पुन्हा आत येऊ शकतो, म्हणजे तुमचाच हँडलर तुमच्याच हँडलरच्या मधे. प्रत्येक वेळी स्टॅकवर सहा बाइट आणि शिवाय तुमचे `PUSH`. बटण दाबून धरलं की कोड येतच राहतात. तेव्हा गरज नसेल तर मधे `STI` करूच नका; कोड उचला, बाजूला ठेवा, बाहेर पडा, बाकीचं मुख्य प्रोग्रॅममध्ये करा.

प्रोटेक्टेड मोडबद्दल एकच सांगतो, कारण तुमच्यातले काही जण स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायच्या नादात आहेत. इंटेलनं पहिले ३२ व्हेक्टर स्वतःसाठी राखून ठेवले होते, आणि आयबीएमनं आयआरक्यू नेमके त्यातल्या `08` पासून बसवले. रिअल मोडमध्ये निभावून गेलं. प्रोटेक्टेड मोडमध्ये मात्र आठ नंबर म्हणजे डबल फॉल्ट. ८२५९ चा पाया `20h` ला न हलवता तुम्ही `STI` केलंत, की टायमरची पहिलीच टिक डबल फॉल्टच्या हँडलरमध्ये शिरते, आणि तुम्ही दिवसभर स्वतःच्या सेगमेंट टेबलात चूक शोधत बसता. खरा डबल फॉल्ट असेल तर प्रोसेसर स्टॅकवर एक एरर कोडही ढकलतो. टायमर असेल तर तो नसतो. स्टॅक मोजा, लगेच कळतं.

(शेवटचा प्रश्न: टेबलातली नोंद बदलायची कशी, नुसतं `MOV` केलं तर चालतं का?)

दोन शब्द लिहायचे असतात, ऑफसेट आणि सेगमेंट. पहिला लिहिला आणि दुसरा लिहायच्या आत बटण दाबलं गेलं, तर प्रोसेसर नवा ऑफसेट आणि जुना सेगमेंट घेऊन बायोसच्या रॉममध्ये भलत्याच ठिकाणी उडी मारतो. म्हणून स्वतः लिहिणार असाल तर आधी `CLI`, दोन्ही लिहा, मग `STI`. DOS मध्ये असाल तर `INT 21h` चं `AH=35h` वापरून जुना पत्ता काढून ठेवा आणि `AH=25h` वापरून नवा बसवा. प्रोग्रॅम संपवण्याआधी जुना परत बसवायला विसरू नका. नाही तर प्रोग्रॅम जातो, त्याची मेमरी DOS दुसऱ्याला देतं, आणि `0000:0024` ला मात्र `key9` चाच पत्ता राहतो. पुढचा प्रोग्रॅम त्या जागी उतरेपर्यंत सगळं ठीक वाटतं. तो उतरला आणि कुणी बटण दाबलं, की प्रोसेसर त्याच्या मधल्याच कुठल्यातरी बाइटला इन्स्ट्रक्शन समजून चालू लागतो.